हर्नियाचं पॅकेज 45 हजार ठरलं, बिल 80 हजारांचं आलं. कुठे बघू?

प्रश्न: वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन जळगावला खासगी दवाखान्यात झालं. सोमवारी रात्री 9 ला भरती, शुक्रवारी सकाळी 11 ला सुट्टी मिळणार आहे. पॅकेज 45,000 सांगितलं होतं, 3 दिवस राहणं आणि जाळी धरून. कच्चं बिल 80,440 चं आहे, त्यातून 20,000 वजा करून 60,440 भरा म्हणतात. आम्ही 30,000 भरले होते. विमा नाही. बिल कसं तपासू?

उत्तर:

भाऊ, मी धुळ्याला एका दवाखान्याच्या बिलिंग काउंटरवर बरीच वर्षं काम केलंय. तुम्ही बिलाचे आकडे दिलेत ते बरं केलं: पॅकेज 45,000, खोली 5 दिवसांचे 9,000, नर्सिंग 5 दिवसांचे 2,000, औषधं 21,640, लॅब 2,800. लॅबला सध्या हात लावू नका, पॅकेजमध्ये तपासण्या नसतात असं बऱ्याच ठिकाणी असतं.

आधी खोली. दिवस मोजायच्या पद्धती दवाखान्यागणिक वेगळ्या. कुठे भरतीच्या वेळेपासून 24 तास, कुठे पेशंट किती रात्री 12 ला खाटेवर होता ते, कुठे सरळ तारखा. तुमचा हिशेब पहिल्या दोन्ही पद्धतींनी 4 दिवसांचा येतो. तारखा मोजल्या तरच 5 होतात. कोणती पद्धत चालते ते भरतीच्या फॉर्मवर किंवा दरपत्रकात लिहिलेलं असतं. 2021 च्या सुधारित नियमांप्रमाणे महाराष्ट्रातल्या नर्सिंग होमला दर दर्शनी भागात लावावे लागतात, तेव्हा ते बघायला मागण्यात संकोच नको.

पण खरी गोम दिवसांच्या संख्येत नाही. पॅकेजमध्ये 3 दिवस आधीच आहेत आणि बिलात पाचही दिवस पुन्हा लावलेत. असं घडतं कारण खोलीचं भाडं संगणक खाटेवरून रोज आपोआप टाकत जातो, आणि पॅकेज शेवटी हाताने चढवतात. चढवल्यावर आतले दिवस काढायला कुणीतरी विसरतं. 4 दिवस धरले तर तुमच्याकडून एकाच दिवसाचे 1,800 आणि नर्सिंगचे 400 घ्यायला हवेत. म्हणजे 11,000 च्या जागी 2,200.

औषधांत जास्त वेळ घाला. एकूण आकडा बघून काही कळत नाही, मेडिकलची तारीखवार बिलं मागा. त्यातली ऑपरेशनच्या दिवसाची ओटीची बिलं बाजूला काढा: जाळी, टाके, भुलीची औषधं, हातमोजे. पॅकेजमध्ये जाळी आणि ओटीचं सामान धरलंय का, हे ठरतं भरतीच्या वेळच्या अंदाजपत्रकावर. ते तोंडी असेल तर भांडण अवघड, लेखी असेल तर काउंटरवाला दोन मिनिटांत मानतो. समजा ओटीची बिलं 9,400 ची निघाली आणि अंदाजपत्रकात 'जाळी व ओटी सामानासह' असं आहे, तर ते 9,400 दुसऱ्यांदा घेतलेत.

मग परत गेलेला माल. डॉक्टरांनी इंजेक्शन बंद करून गोळ्या सुरू केल्या की उरलेल्या इंजेक्शनच्या कुप्या आणि सलाईनच्या बाटल्या वॉर्डातून मेडिकलला परत जातात. त्याची रिटर्नची पावती निघेपर्यंत बिलात पूर्ण रक्कमच दिसते. सिस्टरांना एवढंच विचारा, "ताई, आमचा माल परत केला का? रिटर्न कुठे दिसतो?" समजा 1,340 चा रिटर्न निघाला, तर औषधांचे 10,900 उरतात. नातेवाइकाने मेडिकलवर रोख देऊन आणलेली औषधंही याच एकूणात पुन्हा आलीत का, तेही बघा.

आता तुमचे हरवलेले 10,000. पैसे कुठे अडकतात ते मला पक्कं माहीत आहे. एक तर पहिली पावती ओपीडीच्या नंबरवर फाडलेली असते आणि भरतीचा नंबर वेगळा पडतो, मग ती रक्कम या बिलाला जोडलीच जात नाही. नाहीतर पैसे मेडिकलच्या खिडकीवर जमा केलेले असतात. अनेक दवाखान्यांत मेडिकलचं लायसन आणि हिशेब वेगळा असतो, त्यामुळे दवाखान्याच्या बिलात ते दिसत नाहीत. पावतीवर वरचं नाव आणि नंबर वाचा, कोणत्या खिडकीशी बोलायचं ते तिथेच कळेल. फोनवरून भरले असतील तर व्यवहाराचा क्रमांक दाखवून डुप्लिकेट पावती मागा.

सगळं असंच निघालं तर हिशेब असा: 45,000, 2,200, 10,900 आणि 2,800 मिळून 60,900. त्यातून 30,000 गेले, देणं राहिलं 30,900. दवाखान्याची पद्धत तारखांची निघाली तर त्यात आणखी एक दिवसाचे 2,200 चढतील, ते मान्य करा.

हे शुक्रवारी सकाळी करू नका. तेव्हा काउंटरवर गर्दी, बाहेर गाडी उभी, वडील कपडे बदलून बसलेले, आणि माणूस कंटाळून सही करतो. गुरुवारी संध्याकाळी कच्चं बिल आणि पावत्या घेऊन बिलिंगच्या मुख्य माणसाकडे बसा. प्रत्येक दुरुस्ती त्याच्याकडून बिलावरच करून घ्या, 'नंतर अॅडजस्ट करू' यावर थांबू नका. पक्कं बिल छापून हातात आल्यावरच उरलेले पैसे भरा.