परदेशी क्लायंटला बिल पाठवताना सोबतच्या मेलमध्ये नेमकं काय लिहायचं

प्रश्न : मी नाशिकची, इलस्ट्रेशनची कामं करते. अमेरिकेतल्या क्लायंटला 1200 डॉलरचं बिल पाठवलं, खात्यात 1180 डॉलरचेच रुपये आले. तो म्हणतो मी पूर्ण पाठवले, बँक म्हणते आमच्याकडे एवढेच आले. 20 डॉलर गेले कुठे?

दोघंही खरं बोलतायत. तुमच्या बँकेचं डॉलरचं खातं अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या बँकेत असतं, त्याला नॉस्ट्रो खातं म्हणतात, आणि क्लायंटच्या बँकेचा त्या बँकेशी थेट व्यवहार नसेल तर मध्ये आणखी एक बँक येते. या वाटेवरच्या बँका आपली फी वेगळी मागत नाहीत, जाणाऱ्या रकमेतूनच कापून पुढे पाठवतात. क्लायंटला कळत नाही, तुमच्या बँकेला आधीच कापलेली रक्कम मिळते.

आता ही फी कोणी भरायची हे पैसे पाठवतानाच ठरतं, एका कोडने. OUR म्हणजे सगळे चार्जेस पाठवणाऱ्याचे, SHA म्हणजे त्याच्या बँकेचे त्याने आणि पुढचे तुम्ही, BEN म्हणजे सगळे तुमच्या माथी. कोणी काही सांगितलं नाही तर बहुतेक वेळा SHA जातं, तुमच्या बाबतीतही तेच झालं असणार.

खात्री करायची असेल तर तुमच्या बँकेच्या फॉरेक्स डेस्कला आलेल्या स्विफ्ट मेसेजची कॉपी मागा. क्लायंटकडची कॉपी इथे कामाची नाही कारण तो मेसेज कापाकापीच्या आधीचा असतो, त्यात 1200 च दिसणार. तुमच्या बँकेकडच्या कॉपीत मूळ पाठवलेली रक्कम 1200, प्रत्यक्ष पोचलेली 1180 आणि मधल्या बँकेने घेतलेले 20 असं वेगवेगळं दिसतं. जुन्या MT103 मध्ये हे अनुक्रमे 33B, 32A आणि 71F या खान्यांत असायचं. नोव्हेंबर 2025 पासून बँकाबँकांमधले हे मेसेज नव्या pacs.008 फॉरमॅटमध्ये जातात, तिथे OUR च्या जागी DEBT, SHA च्या जागी SHAR आणि BEN च्या जागी CRED दिसेल, अर्थ तोच.

पुढच्या बिलासोबतच्या मेलमध्ये नुसतं "ओयूआर करा" लिहून भागत नाही, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण डॉलरच्या व्यवहारात OUR असूनही मधली बँक कधीकधी कापतेच. म्हणून कोड लिहा आणि किती रक्कम पोचायला हवी तेही लिहा :

```
Amount to be received in full: USD 1,200.00
Charges: OUR, all bank charges paid by sender
Payment reference: INV-014
```

या तीन ओळी मेलमध्येही हव्यात आणि बिलाच्या खालीही हव्यात, कारण मेल वाचतो तुमचा ओळखीचा माणूस आणि पैसे पाठवतो त्यांचा अकाउंट्सवाला, ज्याच्याकडे फक्त बिलाची पीडीएफ पोचलेली असते. आणि जुनं बिल 1180 चं करून पुन्हा पाठवू नका हं. बिल 1200 चंच राहू द्या, 20 डॉलर बँक चार्जेस म्हणून खर्चात दाखवा, आणि बँकेकडून त्या रकमेचं इनवर्ड रेमिटन्स ॲडव्हाइस घेऊन बिलाला जोडून ठेवा.

प्रश्न : जर्मनीतल्या एजन्सीसाठी भाषांतर करतो, कोल्हापूरला असतो. ते IBAN मागतायत, त्याशिवाय त्यांचा फॉर्म पुढे जात नाही. मी IFSC टाकून पाठवला तर चालेल का?

नाही चालणार. आयबॅन म्हणजे युरोपात आणि इतर काही देशांत वापरतात तो आंतरराष्ट्रीय खातं नंबर, भारतात तो नाहीच, त्यामुळे तुमची बँकही तो देऊ शकणार नाही, आणि नेटवर कुठे "आयबॅन बनवून देतो" वगैरे दिसलं तर त्या वाटेला जाऊ नका. एजन्सीची अडचण बहुतेक अशी असते की ते युरोपातल्या पेमेंटचा फॉर्म उघडून बसलेले असतात. त्यांच्या बँकेत युरोपाबाहेर पैसे पाठवायचा वेगळा पर्याय असतो, त्यात देश भारत निवडला की खातं नंबर आणि स्विफ्ट कोड घेतात. हे मेलमध्ये एका वाक्यात लिहून टाका, की भारतात आयबॅन वापरत नाहीत, कृपया खातं नंबर आणि स्विफ्ट कोड वापरून आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर करा. एवढ्याने चार मेलांची ये-जा वाचते.

IFSC आणि स्विफ्ट यांची गल्लत मात्र फार जण करतात. दोन्ही 11 अक्षरांचे असू शकतात म्हणून नजरेला सारखेच वाटतात. ओळखायची खूण सोपी आहे, IFSC मध्ये पाचव्या जागी नेहमी शून्य असतं, तर भारतातल्या बँकेच्या स्विफ्ट कोडात पाचवं-सहावं अक्षर IN असतं. स्विफ्ट 8 अक्षरांचाही असतो, शेवटची तीन अक्षरं शाखेसाठी असतात. तुमच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसेल, छोट्या गावातल्या शाखांना बहुतेकदा नसतोच, तर बँकेला विचारा की परदेशातून येणारे पैसे कोणत्या शाखेच्या कोडवर मागवायचे, आणि तोच द्या. IFSC खाली वेगळ्या ओळीत दिला तर काही बिघडत नाही.

खातेदाराचं नावही पासबुकात आहे अगदी तसंच द्या. तुम्ही बिलावर स्टुडिओचं नाव लावता आणि खातं तुमच्या स्वतःच्या नावावर आहे असं असेल तर पैसे अडकू शकतात, परतही जाऊ शकतात, आणि परत जातानाही चार्जेस कापले जातात. तेव्हा मेलमध्ये लाभार्थी म्हणून खात्याचंच नाव, सोबत तुमचा पूर्ण पत्ता, बँकेचं नाव आणि शाखेचा पत्ता.

आणि एक, तुम्हाला युरो येणार आहेत तर ते कोणत्या बँकेमार्फत मागवायचे याची सूचना तुमच्या बँकेकडून घ्या. प्रत्येक चलनासाठी बँकेचं नॉस्ट्रो खातं वेगळं असतं, बहुतेकदा वेगळ्या बँकेत. कोणाच्या तरी जुन्या मेलमधून न्यूयॉर्कच्या मधल्या बँकेचा तपशील उचलून युरोच्या बिलात चिकटवला की पैसे भलत्याच वाटेने फिरतात.

प्रश्न : लंडनचा क्लायंट म्हणतो, माझी बँक थेट रुपयांत पाठवायला तयार आहे, फीही कमी आहे. बिल डॉलरमध्ये आहे. हो म्हणू का?

मी नाही म्हणेन. फी कमी दिसते कारण कमाई रेटमध्ये असते. त्याच्या बँकेने पौंडाचे रुपये आपल्या रेटने केले की तुमच्या हातात ठरवायला काहीच उरत नाही, आणि वर तुमचं बिल डॉलरचं, आलेली रक्कम रुपयांची, मग बिल पूर्ण भरलं की नाही यावरच वाद. मेलमध्ये स्पष्ट लिहा की बिलाच्याच चलनात पाठवा, रुपयांत बदलून पाठवू नका.

पण मुळात डॉलर कशाला? तो पौंडात कमावतो, तुम्हाला रुपये हवेत, मध्ये डॉलर आला की दोनदा बदल होतो आणि दोन्ही वेळा बँकेचं मार्जिन जातं. पुढच्या कामाला पौंडातच दर ठरवा, तुमची बँक पौंड घेते ना तेवढं आधी विचारून.

रेटचा फरक किती पडतो ते बघा. समजा 1180 डॉलर आले, आणि बँकेने बाजारातल्या रेटपेक्षा 1 रुपया कमी दिला तर तिथेच 1180 रुपये गेले. समजा रेट 85 रुपये मिळाला तर 1,00,300 रुपये होतात आणि त्या चलनबदलावरचा जीएसटी साधारण 180 रुपये. म्हणजे आपण 20 डॉलरसाठी भांडतो आणि रेटबद्दल विचारतही नाही. बँकेला पैसे जमा व्हायच्या आधीच फोन करून रेट विचारा, रक्कम बरी असेल तर थोडा सुधारून देतात. दर महिन्याला परदेशातून पैसे येत असतील तर EEFC खात्याचाही विचार करा, त्यात परकीय चलन तसंच ठेवता येतं, पण व्याज मिळत नाही आणि एका महिन्यात आलेले पैसे वापरले नाहीत तर पुढच्या महिनाअखेरपर्यंत रुपयांत बदलावे लागतात. त्यामुळे रेट वाढायची वाट बघत वर्षभर ठेवायचं खातं नव्हे ते.

प्रश्न : चार्जेस तुम्ही भरा असं लिहिलं तर क्लायंट चिडला. म्हणाला हे आधी का नाही सांगितलं. आता काय करू?

तो चुकीचं बोलत नाहीये. बिलासोबतचा मेल ही अट घालायची जागाच नाही, तिथे फक्त ठरलेल्या अटीची आठवण करायची. अट जायला हवी कोटेशनमध्ये, रकमेच्या अगदी खाली, की दर हा हातात येणारा दर आहे आणि बँक चार्जेस पाठवणाऱ्याकडे.

या बिलाला SHA मान्य करा, आणि तसं मेलमध्ये शांतपणे लिहूनही टाका, की या वेळी चार्जेस वाटून घेऊ, पुढच्या कामापासून कोटेशनमध्ये असेल तसं. पुढच्या वेळी तरी तो OUR ला तयार नसेल तर दर तेवढा वाढवून सांगा, पण बिलात "बँक चार्जेस 25 डॉलर" अशी ओळ टाकू नका, कारण प्रत्यक्षात 20 गेले की 30 यावर पुन्हा मेलामेली सुरू होते. रकमा लहान असतील, म्हणजे दर आठवड्याला 100-150 डॉलर वगैरे, तर महिन्याचं एकच बिल करा. मधल्या बँकेची फी बहुधा दर ट्रान्सफरमागे ठरलेली असते, त्यामुळे 150 डॉलरमधून 20 गेले तर ते तेराहून जास्त टक्के होतात, 600 मधून गेले तर साडेतीनच्याही आत.

प्रश्न : बँक बदलली. नवीन खातं नंबर मेलमध्ये कळवून टाकू का? आणि परपज कोडही त्यात लिहायचा का?

नुसता मेल करू नका. बिलाच्या मेलमध्ये घुसून "आमचं खातं बदललंय" असं कळवायचं आणि पैसे स्वतःकडे वळवायचे ही फसवणूक जगभर चालते, त्यामुळे शहाणा क्लायंट अशा मेलवर थांबेल आणि थांबायलाच हवं. आधी व्हिडिओ कॉलवर किंवा त्याच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवरून बोलून घ्या, खातं नंबर शेवटच्या चार आकड्यांनी तोंडी जुळवून घ्या, मग बिल पाठवा. इथून पुढे प्रत्येक बिलाच्या मेलमध्ये एक कायमची ओळ ठेवा, की बँकेचा तपशील बदलला तर मी फोनवर सांगेन, फक्त मेलवर आलेला बदल मानू नका. जुनं खातं लगेच बंद करू नका, आधीच्या बिलाचे पैसे वाटेत असतील तर ते बंद खात्यावर आदळून परत जातील.

परपज कोड म्हणजे पैसे कोणत्या कामाचे आले ते सांगणारा कोड. तो क्लायंटला सांगितला तर हरकत नाही, पण तो लागतो तुमच्या बँकेला, रक्कम आल्यावर ते तुम्हालाच विचारतात. सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीला P0802, व्यवसाय सल्ल्याला P1006, जाहिरातीच्या कामाला P1007. आपल्या कामाचा नक्की कोणता ते एकदा बँकेकडून लिहून घ्या आणि बिलावरचं कामाचं वर्णन त्याच्याशी जुळेल असं ठेवा, "सेवा" एवढंच लिहिलेलं बिल दिसलं की डेस्कवरचा माणूस कागद मागत बसतो.