पाचवी गाळावी का?

"लेकाला चौथीतलं सगळं आधीच येतं, वर्गात नुसता कंटाळतो. पाचवी गाळून सहावीत घालावं का? पण मोठ्या मुलांत रमेल का?"

देवगड-मालवणकडच्या पालकांकडून मार्च-एप्रिल आला की हे हमखास ऐकते. चिन्मयची (नाव बदललं आहे) आई म्हणाली, "सगळा येता तेका, मगे वरीस कित्याक फुकट घालवचा?"

मी आधी पाचवीच्या वार्षिक प्रश्नपत्रिका सोडवायला दिल्या. जो वर्ग गाळायचा, त्याचाच अभ्यास मुलाला येतो का हे बघायला हवं. चौथीतला पहिला नंबर त्याबद्दल काही सांगत नाही. गणितात त्याच्या दोनच चुका झाल्या. मराठीचा निबंध मात्र चार ओळींत संपला. म्हणजे झेप एकाच विषयात होती, आणि तेवढ्यासाठी अख्खा वर्ग गाळायची गरज नसते.

तरीही त्याचं त्यालाच विचारलं. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "दादाच्या वर्गात नको. माझे मार्क जास्त इले तर तो माझ्यावांगडा खेळूचो नाय."

दादा पाचवीत होता, जूनमध्ये सहावीत जाणार होता. घरात हे कुणी बोललंच नव्हतं. मला या वाक्याचं मोल फार वाटतं. वर्ग गाळण्याच्या निर्णयासाठी आयोवा विद्यापीठात एक मोजपट्टी तयार झाली आहे. भावंड त्याच वर्गात असेल किंवा मुलाला स्वतःला नको असेल, तर बुद्ध्यंक कितीही असो, ती थांबायलाच सांगते. सामाजिक तयारी म्हणताना आपण उंची आणि धीटपणा बघतो. मी तरी आधी बघते की या निर्णयाने मुलाचं कुठलं नातं पणाला लागतंय.

मग गुरुजींशी ठरवलं. धडा सुरू होण्याआधीच त्याची चाचणी घ्यायची, जे येतं ते पुन्हा गिरवायला लावायचं नाही. उरलेल्या वेळात भरतीचा हिशोब. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे त्याला आजोबांकडून माहीत होतं. पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंतच्या पंधरा तिथींत भरती बारा तास सरकायला हवी, पाऊणपटीने मात्र सव्वाअकराच येतात. पाऊण तास गेला कुठे, यासाठी तो रोज जेटीवर वेळा टिपू लागला. शेवटी त्याने तीन-चतुर्थांशाऐवजी चार-पंचमांश धरले, आणि पंधरा तिथींचे नेमके बारा तास झाले. वही दाखवायला आला तेव्हा शेजारी दादा होता, टिपणं दादाच्या अक्षरात होती.

जूनमध्ये चिन्मय पाचवीतच गेला. गणिताच्या तासाला तो सातवीत बसतो, दादाचा वर्ग टाळून. त्यासाठी हायस्कूलने दोन्ही वर्गांचे गणिताचे तास एकाच वेळी लावले. नाहीतर त्याचा मराठीचा तास बुडाला असता, आणि त्याला खरी गरज तिथेच आहे. सहामाहीनंतर पुन्हा बसून ठरवायचं, हे आईबरोबर आधीच ठरलं आहे. त्या वेळी दादालाही बोलावणार आहे.