ग्रुपवरून गेलेला मेसेज आणि बिलात लागलेलं व्याज

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं होतं, की महिनाअखेरपर्यंत थकबाकी भरली तर व्याज लागणार नाही. माझी तीन महिन्यांची 40,000 रुपयांची थकबाकी मी मुदतीत भरली. तरी पुढच्या बिलात 2,100 रुपये व्याज लागून आलं. ग्रुपवर सात दिवसांत मेसेज आपोआप जातात, त्यामुळे तो मेसेज आता नाही. मी विचारलं, तर अ‍ॅडमिन असलेल्या सेक्रेटरींनी माझा प्रश्नच डिलीट केला. असं करता येतं का? मी काय करू?

उत्तर : अ‍ॅडमिनने ग्रुपवरचा मेसेज काढणं हा गुन्हा नाही. ती सोय अ‍ॅपनेच दिली आहे, आणि ग्रुप म्हणजे सोसायटीचं दप्तर नव्हे. म्हणून ‘मेसेज का काढला’ यावर भांडण्यात शक्ती घालवू नका. तुमचं भांडण 2,100 रुपयांचं आहे, ते कागदावर आणा.

आधी तो मेसेज शोधा, कारण तो पूर्ण गेलेला नसण्याची बरीच शक्यता आहे. आपोआप जाणाऱ्या मेसेजला कुणी ‘रिप्लाय’ दिला असेल, तर मुदत संपल्यावरही त्या रिप्लायमध्ये मूळ मजकूर उद्धृत राहिलेला असू शकतो. अर्थात तो रिप्लायही सात दिवसांनी जातो, त्यामुळे आजच पाहा. मेसेज कुणी दुसऱ्या चॅटवर फॉरवर्ड केला असेल आणि तिथे ही मुदत लावलेली नसेल, तर तो तिथे असेल. शेजाऱ्यांना विचारा, कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेला असतो. स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचं नाव, तारीख आणि मागचेपुढचे मेसेज दिसायला हवेत. ज्या फोनवर तो आहे, तो फोन बदलू नका, अ‍ॅप काढू नका. प्रकरण पुढे गेलंच, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं.

आता कटू भाग. मेसेज सापडला तरी तेवढ्यावर व्याज माफ होत नाही. व्याजाचा दर सर्वसाधारण सभा ठरवते आणि आदर्श उपविधींनुसार तो वार्षिक 21 टक्के सरळव्याजापेक्षा जास्त असू शकत नाही. सेक्रेटरींना एकट्याने, ग्रुपवर लिहून, तो माफ करण्याचा अधिकार नाही. त्यांनी सभेच्या किंवा समितीच्या ठरावाच्या आधारे लिहिलं होतं का, हे खरं पाहायचं आहे. त्यासाठी त्या काळातल्या सभांच्या इतिवृत्ताच्या प्रती लेखी अर्ज करून, शुल्क भरून मागा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे. ठराव निघाला, तर मेसेजची गरजच उरत नाही. नाही निघाला, तर मेसेज इतकंच दाखवेल की तुम्ही पदाधिकाऱ्याच्या शब्दावर विसंबून पैसे भरले. सवलत मागायला हा मुद्दा चांगला आहे, पण हक्क म्हणून पुरेसा नाही.

आकडाही तपासा. 40,000 रुपयांवर 21 टक्क्यांनी पूर्ण तीन महिन्यांचं सरळव्याज बरोबर 2,100 होतं. म्हणजे सगळी रक्कम पहिल्या दिवसापासून थकलेली धरली आहे. दर महिन्याचा हप्ता वेगवेगळ्या तारखेला देय झाला असेल, तर पुढच्या हप्त्यांवर इतकं व्याज लागूच शकत नाही. मला इथेच चूक दिसते, आणि ती दाखवायला कोणताही मेसेज लागत नाही.

समितीला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आदर्श उपविधींनुसार समितीने पुढच्या सभेत निर्णय घेऊन त्यानंतर 15 दिवसांत तो कळवायचा असतो. तोवर वादाची रक्कम ‘हरकत राखून’ असं लिहून भरा, नाहीतर थकबाकीदाराचा शिक्का बसेल. दाद मिळाली नाही, तर उपनिबंधकांकडे जाता येईल.

ग्रुपच्या नियमाबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. सभासदांना मेसेज गायब होणं खटकतं, कारण उत्तर उरतं आणि प्रश्न जातो. जो त्या वेळी ऑनलाइन नव्हता, त्याला कुणीतरी उगाच चिडलंय एवढंच दिसतं. पैसे, मुदत आणि सभा यांविषयी पदाधिकारी लिहितात तेव्हा ही गोष्ट निव्वळ खटकण्यापुरती राहत नाही, कारण लोक त्यावर विसंबून वागतात. पुढच्या सभेत तुम्ही असा ठराव मांडा : सोसायटीच्या सूचनांचा ग्रुप वेगळा असेल, त्यावर मेसेज आपोआप जाण्याची सोय बंद राहील आणि ती सेटिंग फक्त अ‍ॅडमिनच्या हाती असेल. सूचना चुकली तर ती न पुसता खाली दुरुस्ती लिहायची. शिवीगाळ किंवा कुणाचा खासगी तपशील असेल तरच अ‍ॅडमिनने मेसेज काढायचा आणि का काढला ते त्याच दिवशी एका ओळीत लिहायचं. प्रत्येक आर्थिक सूचनेत ठरावाचा क्रमांक आणि तारीख असलीच पाहिजे.