नोकरीला वर्ष झालं नाही, तरी पगारी बाळंतपणाची रजा मिळते का?

“ताई, मला पाचवा महिना सुरू आहे. ऑफिसात सांगितलं, तर एचआर म्हणतात, अजून वर्ष पूर्ण झालं नाही, प्रोबेशनही संपलं नाही, म्हणून पगारी रजा बसत नाही. राजीनामा द्या, बाळ मोठं झालं की परत घेऊ. सही करू का?”

सही करू नकोस, हे मी तिला बसण्याआधीच सांगितलं. बाकीचं बोलायला मग तास-दीड तास लागला. मे २०२४ ची गोष्ट आहे. तिच्या फाइलमध्ये सोनोग्राफीचे कागद होते, चार पगारपत्रकं होती आणि कंपनीनेच टाईप करून दिलेला राजीनामा होता. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द आधीच छापलेले, तारखेची जागा तेवढी कोरी. असा छापील राजीनामा मी याआधीही पाहिला आहे आणि दर वेळी माझा जीव खालीवर होतो. गरोदरपणामुळे किंवा रजेवर असताना बाईला कामावरून काढणं कायद्याने बेकायदा आहे. पण तिने आपणहून राजीनामा दिला, तर कागदोपत्री तिला कुणी काढलेलंच नसतं. पुढे ‘माझ्यावर दबाव होता’ हे तिलाच सिद्ध करत बसावं लागतं.

मग आम्ही पगारपत्रक उघडलं. कपातीच्या रकान्यात ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याच्या वर्गणीची, ओळ आहे का, हे मी सगळ्यात आधी पाहते, कारण पैसे कुणी द्यायचे हे तिथे ठरतं. ती ओळ असेल (महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ही योजना लागू होते), तर बाळंतपणाचे पैसे कंपनी नाही, राज्य कामगार विमा महामंडळ देतं. तिथली अट वेगळी आहे. आधीच्या सहा-सहा महिन्यांच्या दोन अंशदान कालावधींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते आणि अर्ज महामंडळाच्या शाखा कार्यालयात जातो. हिचा पगार २७,००० होता, ईएसआयची ओळ नव्हती. म्हणजे जबाबदारी थेट मालकाची.

प्रसूती लाभ कायद्याची पात्रता एका वाक्यात मावते. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असावं. वर्ष पूर्ण होण्याची अट कुठेच नाही, प्रोबेशन आणि कायम असा भेदही नाही. दुकान किंवा ऑफिस असेल तर तिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला असायला हवीत. हिच्याकडे चौतीस होती.

दिवस आम्ही कागदावर मोजले. ती ४ डिसेंबर २०२३ ला रुजू झाली होती, डॉक्टरांनी दिलेली तारीख होती २० सप्टेंबर २०२४. हजेरीच्या ॲपमध्ये जुने महिने दिसत नव्हते, म्हणून तिने घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो नवऱ्याकडून मागवून घेतला. सुट्टी घेतली की ती त्यावर लाल फुली मारायची. डिसेंबरात २३ दिवस, जानेवारीत २५, फेब्रुवारीत २४, झाले ७२. उरलेले आठ मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात भरले होते. कंपनी तिला ‘बसत नाही’ म्हणत होती, त्याच्या दोन महिने आधीच ती पात्र झाली होती. ती बराच वेळ त्या बेरजेकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे मी काही मागत नाहीये, माझंच आहे.”

रजा २६ आठवड्यांची असते. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. आधीच दोन मुलं असतील तर रजा १२ आठवड्यांची. हिचं पहिलंच बाळंतपण होतं आणि तिला बाळासोबत जास्त दिवस हवे होते, म्हणून तिने आधीचे चारच आठवडे घ्यायचे ठरवले. २३ ऑगस्टपासून २० फेब्रुवारी २०२५ पर्यंत.

त्याच दिवशी आम्ही कंपनीला मेल लिहिला. मेलमध्ये भांडण नको, तारखा हव्यात. अपेक्षित प्रसूतीची तारीख, रजा कधीपासून, पगार कुणाच्या खात्यात जमा करायचा आणि डॉक्टरांचा दाखला सोबत जोडल्याचा उल्लेख. शेवटी एकच ओळ: ‘रजा नाकारत असाल तर कोणत्या नियमाने, ते लेखी कळवावे.’ कागदी प्रत आवक विभागात देऊन पोच घ्यायलाही मी सांगितलं. तोंडी ‘बसत नाही’ म्हणणाऱ्यांना हे लेखी कळवणं जड जातं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, रजा मंजूर.

प्रश्न मात्र संपला नव्हता. प्रसूतीआधीच्या काळाचे पैसे आगाऊ मिळायला हवेत. ते आले, पण फक्त मूळ पगारावर, १४,००० च्या हिशेबाने. ही चूक फार ठिकाणी होते आणि बायका ‘मिळतंय ते पुष्कळ’ म्हणून गप्प बसतात. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या कायद्यात रजेआधीच्या तीन महिन्यांच्या वेतनाची सरासरी धरायची होती आणि त्या वेतनात रोख मिळणारे भत्तेही येत होते. आम्ही मे, जून, जुलैची पगारपत्रकं जोडून पुन्हा मेल केला. या वेळी उत्तर आलं नाही. मग ती सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेली आणि सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे साध्या कागदावर अर्ज दिला. सोबत दोन्ही मेल, पोच, बँकेचं स्टेटमेंट. कंपनीला पत्र गेलं आणि फरकाची रक्कम जमा झाली. १७ सप्टेंबरला मुलगी झाली. प्रसूतीचा पुरावा दिल्यावर उरलेले पैसे ४८ तासांत द्यायचे असतात, ते मात्र वेळेवर आले.

आज कुणी हाच प्रश्न घेऊन आली, तर एक फरक सांगावा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. ८० दिवस, २६ आठवडे आणि दहा माणसं हे आकडे तिच्या सहाव्या प्रकरणात तसेच आहेत. वेतनाची व्याख्या मात्र बदलली आहे, त्यामुळे घरभाडे भत्ता हिशेबात कसा धरला हे कंपनीकडून लेखी मागून घ्या. सरकारी नोकरीत रजा सेवानियमांप्रमाणे मिळते, महाराष्ट्र शासनात १८० दिवस, तिथे ही मोजणी लागत नाही.

करारावर असलेल्या बायका विचारतात, रजेतच करार संपला तर? डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की पात्रता झाली असेल तर कराराची मुदत संपल्यानंतरच्या काळाचाही लाभ द्यावा लागतो. त्यामुळे नोकरी पुढे चालू राहीलच असं नाही, पण रजेचे पैसे थांबत नाहीत. आणि कामगिरी बरी नाही असं कारण गरोदरपण सांगितल्यानंतर पहिल्यांदाच पुढे आलं, तर आधीच्या कौतुकाचे मेल आणि पगारवाढीची पत्रं स्वतःच्या खाजगी मेलवर जपून ठेवा. नोकरी गेली की ऑफिसचा मेल त्याच दिवशी बंद होतो.

२१ फेब्रुवारीला ती कामावर हजर झाली. आठवड्याभराने तिचा फोन आला, आवाज दबलेला. साहेब म्हणतात, दूध काढायला मधे उठायचं नाही. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज रोज आणखी दोन सुट्ट्या कायद्यानेच दिल्यात, मी म्हणाले. तिने तारीख मोजली, १७ डिसेंबर, आणि फोनवरच मला विचारलं, “ताई, याचाही मेल करू ना?”