गोषवाऱ्याचा कान

प्रश्न : माध्यमांवरच्या परिषदेला पेपर पाठवतो आहे. विषय : 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात झालेल्या फवारणी विषबाधेच्या बातम्या. 'ॲबस्ट्रॅक्ट'ला सारांश म्हणावं, संक्षेप की घोषवारा? आणि 'कीवर्ड' म्हणजे कळीचे शब्द ना? ते कसे निवडायचे?

आधी तो 'घ' काढा. घोषणेशी याचा काही संबंध नाही. गावच्या कार्यक्रमपत्रिकेपासून विद्यापीठाच्या परिपत्रकापर्यंत हा 'घोषवारा' पाहून पाहून डोळे दुखायला लागले आहेत.

शब्द आहे गोषवारा. फारसीत 'गोश' म्हणजे कान. ससोबाला हिंदीत खरगोश म्हणतात, तो 'गाढवाच्या कानाचा' म्हणून. त्याच गोशपासून गोशवारा, म्हणजे कानातलं डूल. आणि दफ्तरात हाच शब्द हिशेबाच्या एकत्रित तक्त्यासाठी. डुलाचा हिशेबाशी काय संबंध? माझा तर्क असा की लांबलचक पाढ्याच्या कडेला बेरीज लटकायची, कानाला डूल लटकावं तशी. कोशवाल्या मंडळींना हे पटत नाही, 'पुरावा दाखवा' म्हणतात. दाखवा बरं तुम्ही, दागिना हिशेबात कसा शिरला ते! नुसतं 'फा.' असं लिहून पुढच्या नोंदीवर उडी मारली की व्युत्पत्ती होत नाही.

आमचे आबाजी पटवारी होते. त्यांच्या कागदांत शेवटी गोषवारा असायचा : इतकी पेरलेली, इतकी पडीत, इतका सारा. 'शेती हा देशाचा कणा आहे' असं त्यात कधी लिहिलेलं नव्हतं. म्हणून 'सारांश'ला माझा विरोध आहे. सारांश गोष्टीचा होतो आणि तो सांगताना शेवट राखून ठेवला तरी चालतो. गोषवाऱ्यात मात्र बेरीजच नसेल तर तो गोषवारा कसला? तुमच्यासारखे पेपर मी बरेच तपासले आहेत. 'माध्यमे लोकशाहीचा चौथा स्तंभ आहेत' इथून सुरुवात होते आणि 'निष्कर्ष मांडले आहेत' इथं शेवट. अहो, मांडले आहेत तर मग ते सांगा ना!

तुमचाच विषय घेऊ. आकडे मी मनचे घालतो, तुम्ही तुमचे घाला :

'2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी व मजुरांना विषबाधा झाली. या बातम्यांत बोलतं कोण, हे पाहण्यासाठी दोन मराठी दैनिकांच्या जिल्हा पानांवरील ऑगस्ट ते ऑक्टोबरमधील 140 बातम्यांचे आशय विश्लेषण केले. दोघांनी स्वतंत्रपणे वर्गवारी करून ती ताडून पाहिली. 82 बातम्यांचा मुख्य स्रोत सरकारी अधिकारी होता, फवारणारा मजूर केवळ 19 बातम्यांत. अभ्यास छापील अंकांपुरता आहे; वाचकांवरील परिणाम तपासलेला नाही.'

झालं. पार्श्वभूमीला एकच वाक्य, बाकी प्रश्न, साहित्य, पद्धत, बेरीज आणि कुंपण. परिषदा साधारण दीडशे ते अडीचशे शब्द देतात. उरलेल्या जागेत दुसरा निष्कर्ष घाला, चौथा स्तंभ नको. मोजणी अजून पुरी झाली नसेल तर 'आतापर्यंत 60 बातम्या वाचल्या' असं सरळ लिहा. न केलेल्या कामाला भूतकाळ लावला की सभागृहातल्या पहिल्याच प्रश्नाला उघडं पडायला होतं.

कळीचे शब्द म्हणा, पण फुलाची कळी मनात आणू नका. ही कळ आहे, कुलपाची, दाबली की उघडणारी, कळफलकातही तीच. तेव्हा कसोटीही हीच : या शब्दाने कोणतं दार उघडतं? 'माध्यमे', 'समाज', 'शेतकरी' यांनी सगळी दारं उघडतात, म्हणून तुमचं सापडत नाही. मी पाच घेतले असते : कीटकनाशक विषबाधा, आशय विश्लेषण, वृत्तस्रोत, जिल्हा पाने, यवतमाळ. शीर्षकात 'फवारणी विषबाधा' आहे, म्हणून इथं 'कीटकनाशक'. कोणी या नावानेही शोधेल. पद्धतीचं नाव हमखास ठेवा, कारण विषय वेगळा असला तरी पद्धत शोधत येणारा वाचक असतोच. इंग्रजी कळीचे शब्द मागितले असतील तर 'आशय विश्लेषण'ला शब्दशः नवं नाव पाडू नका, 'कंटेंट ॲनालिसिस' हेच त्या शास्त्रातलं चालू नाव आहे.

आणि एक. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टात टाइप करून घेतलं असेल तर ही सगळी मेहनत वाया. पीडीएफ डोळ्याला मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरांची खिचडी असते आणि शोधयंत्राला ती खिचडीच दिसते. पीडीएफमधला 'विषबाधा' कॉपी करून शोधपेटीत चिकटवा. तिथं विषबाधाच उमटली तर ठीक, नाहीतर युनिकोडात पुन्हा टाइप करा, आणि तेव्हा 'गो'च टाइप करा.