सामंजस्य कराराच्या भाषांतरात 'करण्यात येईल' कुठे घात करतं

प्रश्न: "आमच्या विद्यापीठाचा एका जर्मन विद्यापीठाशी सामंजस्य करार होतोय. व्यवस्थापन परिषदेसमोर ठेवायला मसुद्याचं मराठी भाषांतर करतेय. इंग्रजीत सगळं मोघम आहे, पण माझ्या मराठीत ते हमी दिल्यासारखं वाटतंय, असं विधी अधिकारी म्हणतात. काय करू?"

ताई, माझ्या अंदाजाने हे 'करण्यात येईल'चं काम आहे. आपलं प्रशासकीय मराठी शासन निर्णय वाचून घडलेलं असतं, त्यामुळे भविष्यकाळ दिसला की हात आपोआप तिकडे वळतो. शासन निर्णयात ते बरोबरच, कारण तिथे आदेश द्यायचा असतो. पण सामंजस्य करारात 'प्राध्यापकांची देवाणघेवाण करण्यात येईल' असं लिहिलंत की परिषदेतला कुणीतरी विचारणारच, मग खर्चाची तरतूद कुठे आहे? मूळात तर एवढंच म्हटलेलं असतं की तशी देवाणघेवाण करता येईल.

आधी इंग्रजी प्रत छापून घ्या आणि फक्त क्रियापदं अधोरेखित करा. 'मे' असेल तिथे 'करता येईल'. आपल्या अधिनियमांच्या मराठीतही हेच रूप आहे. 'इन्टेंड' असेल तिथे 'करण्याचा उभय पक्षांचा मानस आहे'. 'एन्डेव्हर'ला 'प्रयत्न करतील' पुरतं. शोभेसाठी 'सर्वतोपरी' जोडू नका, त्याने वजन वाढतं. खरी पंचाईत 'विल'ची. बंधन टाळायचं म्हणून मसुदा करणारे बरेचदा मुद्दाम 'शॅल'ऐवजी 'विल' वापरतात. एकाच मसुद्यात दोन्ही असतील तर 'विल'ला साधं 'करतील' ठेवा आणि 'शॅल'ला 'करणे बंधनकारक राहील' द्या. 'विल' आणखी मऊ करायला 'अपेक्षित आहे' वगैरे घुसडू नये, असं माझं मत. तो आपला अधिकार नाही.

आता असल्या मसुद्यात हमखास सापडणारं एक कलम घ्या. त्याचं भाषांतर साधारण असं होऊन येतं:

"उभय विद्यापीठांमध्ये प्राध्यापक व विद्यार्थी यांची देवाणघेवाण, संशोधन आणि संयुक्त अभ्यासक्रम इत्यादी उपक्रम निधीच्या उपलब्धतेनुसार राबविण्यात येतील."

मूळाला धरून ते असं हवं:

"परस्पर संमती व निधीची उपलब्धता यांच्या अधीन राहून, उभय विद्यापीठांना पुढील क्षेत्रांत सहकार्याच्या शक्यता पडताळून पाहता येतील: (क) प्राध्यापकांची देवाणघेवाण, (ख) विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, (ग) संशोधन, (घ) संयुक्त शैक्षणिक उपक्रम."

पहिल्यात संमतीची अट गळाली आणि 'शक्यता पडताळणं'ही गेलं. 'उपलब्धतेनुसार'चा फरक पटकन लक्षात येत नाही. त्यातून काम होणार हे ठरल्यासारखं वाटतं, पैशाप्रमाणे फक्त ते लहानमोठं होईल. 'अधीन राहून' म्हटलं की निधी नसेल तर काहीच होणार नाही, हेही त्यात येतं. शिवाय ही अट वाक्याच्या सुरुवातीला ठेवली की ती चारही बाबींना लागू होते. शेवटी ढकलली तर ती फक्त शेवटच्या बाबीची, असा वाद निघू शकतो.

आणि ते 'इत्यादी'! यादी संपली की ते लिहायची आपल्याला सवयच आहे. मूळ यादी बंद असेल तर त्या एका शब्दाने सहकार्याची व्याप्ती वाढते. उलट, मूळात 'यांसह, परंतु एवढ्यापुरतेच मर्यादित नाही' असं असेल तर ते गाळून यादी बंद करू नका.

'शैक्षणिक उपक्रमां'चे 'अभ्यासक्रम' होणं तर फारच महागात पडेल. यूजीसीच्या २०२२च्या विनियमांत ट्विनिंग, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी असे वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाला अटी आहेत. संयुक्त पदवीत प्रत्येक संस्थेकडचे किमान ३० टक्के क्रेडिट लागतात. एखादी कार्यशाळा घ्यायचा विचार असताना तुमचा मराठी मसुदा विद्या परिषदेला पदवीचा प्रस्ताव वाटायला नको.

सगळंच मऊ करणं हीसुद्धा चूकच. 'हा करार कायदेशीरदृष्ट्या बंधनकारक नाही' या कलमाला बहुधा अपवाद जोडलेले असतात: गोपनीयता, बौद्धिक संपदा, कधी वादनिवारण. ती कलमं खरोखर बांधतात, म्हणून तिथे 'करता येईल' चालणार नाही. अपवादात दिलेले कलम क्रमांक शेवटी पुन्हा ताडून पाहा. मराठीत एखादं उपकलम फुटलं किंवा जोडलं गेलं तर बंधनकारक म्हणून भलतंच कलम दाखवलं जातं.

मग इंग्रजी न पाहिलेल्या एका सहकाऱ्याला मराठी प्रत द्या आणि प्रत्येक वाक्यावर एकच प्रश्न विचारा: हे केलं नाही तर समोरचं विद्यापीठ तक्रार करू शकेल का? त्याचं 'हो' आणि 'नाही' कुठे कुठे येतं ते मूळाशी जुळवा.

सही कोणत्या प्रतीवर होणार, तेही कुलसचिव कार्यालयाला विचारून घ्या. फक्त इंग्रजीवर होणार असेल तर मराठीच्या माथ्यावर, मजकुराबाहेर, 'केवळ माहितीसाठी अनुवाद' असं लिहा. दोन्ही प्रती सारख्याच अधिकृत ठरणार असतील तर विधी अधिकाऱ्यांना शेजारी बसवून कलमवार वाचल्याशिवाय प्रत हातची सोडू नका.