फुटाळ्याच्या काठावरचा मेलेला रोहू आणि आमचे जावई

प्रश्न: फिरायला नेलं की माझा कुत्रा मेलेल्या मासोळीवर नाहीतर शेणात लोळतो आणि वरून खूश दिसतो. असं का करतो?

आमचा भुऱ्या रस्त्यावरून उचललेला, अस्सल गावठी. एका रविवारी सकाळी फुटाळा तलावाच्या काठावर त्याला फुगलेला रोहू सापडला. नाक तिथेच खिळलं, मग गाल टेकला, एक खांदा खाली गेला आणि मी "अबे!" म्हणेपर्यंत हा पाठीवर, चारही पाय वर. डोळे अर्धे मिटलेले, जणू अभ्यंगस्नानच चाललंय.

घरी आलो तर बहिणीचे मिस्टर तर्री पोह्यांना आलेले. भुऱ्या सरळ त्यांच्या पांढऱ्या पायजम्याला घासला. "गावठी कुत्रं ते, घाणच आवडणार त्याला. वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन द्या, म्हणजे समजेल," ते म्हणाले. घरचा जावई, मी काय बोलणार? आता बोलतो. लांडगेही हेच करतात, त्यांना कोण गावठी म्हणतं? घाणच हवी असती तर पाळलेले लांडगे परफ्यूमवर आणि मोटार ऑइलवरही लोळले नसते. तेव्हा सावजापासून स्वतःचा वास लपवायला लोळतात, ही गोष्ट मला पटत नाही. परफ्यूम फासून कोण लपतं? नवा, तीव्र वास अंगावर घेऊन कळपाला दाखवायचा, हे मला जास्त पटतं, पण तोही अंदाजच. लोळणं हेच त्याचं बक्षीस, एवढं मात्र चेहऱ्यावर दिसतं. घरी आल्यावर मारलं तर मार घरी येण्याशी जोडला जातो, मासोळीशी नाही.

त्या दिवशी खरी चूक माझीच. मी आंघोळीचा साबण चोळला आणि वास दुप्पट झाला. मासोळीचा वास अमाइन जातीच्या पदार्थांचा. साबण अल्कधर्मी असल्याने ते मोकळे होऊन हवेत उडतात, आम्लाने मात्र बांधले जातात. म्हणून तर मासोळी साफ केल्यावर आपण हाताला लिंबू चोळतो! आता मी आधी कोरडंच पुसून काढतो, मग एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी मान आणि कानामागच्या केसांना लावतो, पाचेक मिनिटांनी कुत्र्याचा शाम्पू. पट्टा वेगळा भिजवायचा, नाहीतर वास त्यातूनच परत येतो. हा उपाय मासोळीसाठी, शेणाला नुसता शाम्पू पुरतो. व्हिनेगर डोळ्यांत किंवा जखमेवर जाऊ देऊ नका, आणि तो मासा खाल्ला असेल आणि ओकत असेल तर धुण्याआधी डॉक्टरांकडे न्या.

टाळायचं असेल तर हाक नाक खिळल्यावर, गाल टेकायच्या आत मारा. खांदा टेकला की ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही. जावयांनी पुढे लॅब्राडोर घेतला, पेडिग्रीवाला. मागच्या पावसाळ्यात तो म्हशीच्या शेणात लोळला, तेव्हा बहिणीने फोन मला केला.